दहा, नऊ, सात, चार, शून्य

एनसीईआरटीच्या सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच मका आणि कापसाचा एक छोटा तक्ता आहे. एक अर्थव्यवस्था आहे. तिच्याकडची जमीन, माणसं, अवजारं आणि तंत्र ठरलेलं आहे. सगळं काही कापसाला लावलं तर १० एकक कापूस होतो आणि मका शून्य. मका १ एकक हवा असेल तर कापूस ९ वर येतो. मका २ केला तर कापूस ७, मका ३ केला तर ४, आणि सगळं मक्याला दिलं तर मका ४ आणि कापूस शून्य. हे पाच बिंदू आलेख कागदावर मांडून जोडले की डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी, बाहेरच्या बाजूला फुगलेली एक रेषा मिळते. हाच उत्पादन शक्यता वक्र.

बहुतेक विद्यार्थी हा वक्र हुबेहूब काढतात, अक्षांना नावं देतात, खाली ‘वक्र आरंभबिंदूशी अंतर्वक्र असतो’ असं लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. तो अंतर्वक्र का असतो, असं विचारलं की ‘संधी खर्च वाढत जातो म्हणून’ हे उत्तर तयार असतं. आणि संधी खर्च वाढतो हे कशावरून? ‘वक्र अंतर्वक्र असतो त्यावरून.’ उत्तर गोल फिरून जागेवर येतं आणि गुण मात्र पूर्ण मिळतात. वक्राला बाक नेमका कुठून येतो आणि तो वाचायचा कसा, हे मधल्यामधे राहून जातं.

आधी वाचायचं कसं, ते पाहू. मक्याचा एक एकक वाढवताना जेवढ्या कापसावर पाणी सोडावं लागतं, तो त्या मक्याचा संधी खर्च. तक्त्यातल्या कापसाच्या रकान्यात लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की तो मिळतो: १० मधून ९ गेले १, ९ मधून ७ गेले २, ७ मधून ४ गेले ३ आणि ४ मधून शून्य गेला ४. म्हणजे पहिल्या मक्याला १ कापूस मोजावा लागला आणि चौथ्याला ४. मका तोच, एककही तेवढंच, पण त्याची किंमत चौपट झाली. इथे पैशाचा कुठे संबंधच नाही, हे नवख्या विद्यार्थ्याला खटकतं. पण या आलेखात किंमत मोजायची ती सोडून दिलेल्या मालातच.

आता हा आकडा चढतो का, ते समजण्यासाठी तक्ता बाजूला ठेवून तीन शेतं घेऊ. आकडे सोयीसाठी मानलेले आहेत, पण जमिनीचे प्रकार विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या कुणालाही ओळखीचे वाटतील. एक एकर भारी काळी जमीन, एक एकर मध्यम आणि एक एकर मुरमाड, हलकी. पिकं दोनच, कापूस आणि खरिपाची ज्वारी. भारी रानात कापूस घेतला तर ८ क्विंटल होतो, ज्वारी घेतली तर १० क्विंटल. मध्यम रानात कापूस ४ किंवा ज्वारी ८. हलक्या रानात कापूस १ किंवा ज्वारी ५.

तिन्ही शेतांत कापूस लावला तर एकूण १३ क्विंटल कापूस होतो. आता घरात थोडी ज्वारी हवी आहे. कोणत्या शेतातला कापूस काढायचा?

इथे भलेभले फसतात. ज्वारी सर्वांत जास्त कुठे होते? भारी रानात, १० क्विंटल. मग ज्वारी तिथेच लावावी, असं पहिल्या फटक्यात वाटतं. पण भारी रानात ज्वारी लावली की ८ क्विंटल कापूस जातो, म्हणजे ज्वारीच्या प्रत्येक क्विंटलमागे ०.८ क्विंटल कापूस. मध्यम रानात ८ क्विंटल ज्वारीसाठी ४ क्विंटल कापूस जातो, क्विंटलमागे ०.५. हलक्या रानात ज्वारी जेमतेम ५ क्विंटल होते खरी, पण तिच्यापायी कापूस फक्त १ क्विंटल बुडतो, क्विंटलमागे ०.२. म्हणजे जे रान ज्वारीत सगळ्यात मागे आहे, तेच ज्वारीसाठी सर्वांत स्वस्त पडतं. रान किती पिकवतं यावर हा हिशोब ठरत नाही. ज्वारी पिकवताना ते रान कापसाचं किती नुकसान करतं, यावर ठरतो.

म्हणून शहाणा शेतकरी आधी हलकं रान ज्वारीला देईल. तेव्हा ज्वारी ५ आणि कापूस १२. आणखी ज्वारी हवी असेल तर मध्यम रान. आता ज्वारी १३, कापूस ८. अगदीच निकड असेल तर भारी रानही. ज्वारी २३, कापूस शून्य. आडव्या अक्षावर ज्वारी आणि उभ्यावर कापूस घेऊन हे बिंदू मांडले की तीन सरळ तुकड्यांची एक रेषा तयार होते. पहिला तुकडा जवळजवळ आडवा, दुसरा मध्यम उताराचा, तिसरा चांगलाच तीव्र. उतार अनुक्रमे ०.२, ०.५ आणि ०.८. प्रत्येक तुकडा म्हणजे एक रान. जिथे रेषेला कोपरा येतो, तिथे एक रान संपून दुसऱ्याला हात घातलेला असतो.

तीन शेतांऐवजी तीनशे शेतं घेतली, प्रत्येकाचा कस थोडा थोडा वेगळा धरला, तर तुकडे बारीक होत जातात, कोपरे पुसट होतात आणि पुस्तकात दिसतो तसा गुळगुळीत फुगीर वक्र तयार होतो. म्हणजे तो बाक कुणा अर्थशास्त्रज्ञाने शोभेसाठी दिलेला नाही. साधनं एकसारखी नसतात आणि ती स्वस्तापासून महागाकडे अशा क्रमाने वापरली जातात, या दोन गोष्टींमुळे तो येतो. दुसरी गोष्ट पुस्तकात सहसा बोलूनच दाखवली जात नाही.

ती किती महत्त्वाची आहे, हे क्रम उलटा करून पाहिलं की कळतं. समजा शेतकऱ्याने पहिल्या फटक्याचं ऐकलं आणि आधी भारी रान ज्वारीला दिलं. ज्वारी १० झाली, पण कापूस १३ वरून थेट ५ वर आला. योग्य क्रमाने गेला असता तर? पहिली ५ क्विंटल ज्वारी हलक्या रानातून १ क्विंटल कापसाच्या मोबदल्यात मिळाली असती. उरलेली ५ क्विंटल मध्यम रानातून, क्विंटलमागे ०.५ प्रमाणे २.५ क्विंटल कापूस देऊन. हातात ज्वारी तेवढीच १० आणि कापूस ९.५. क्रम चुकला एवढ्यावर ४.५ क्विंटल कापूस गेला. उलट्या क्रमाची रेषा काढली तर ती बाहेर फुगण्याऐवजी आत खचते आणि तिचे मधले बिंदू खऱ्या वक्राच्या आत पडतात. एकही साधन रिकामं नाही, सगळी शेतं पिकाखाली आहेत, तरीही अर्थव्यवस्था वक्राच्या आत आहे. वक्राच्या आतला बिंदू म्हणजे बेकारी, एवढंच पाठ केलेल्या विद्यार्थ्याने हे उदाहरण जरूर करून पाहावं.

आता पुन्हा मक्या-कापसाकडे वळू, कारण गुळगुळीत वक्रावर संधी खर्च वाचणं वाटतं तेवढं सरळ नाही. मका २ आणि कापूस ७ असलेला बिंदू घ्या. या बिंदूपाशी मक्याचा संधी खर्च किती? वर्गात हा प्रश्न टाकला तर तीन उत्तरं येऊ शकतात.

पहिलं उत्तर ३.५. कसं, तर ७ भागिले २. आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंत सरळ रेषा ओढली तर तिचा चढ एवढा येतो. पण तो आकडा फक्त इतकंच सांगतो की इथे कापूस मक्याच्या साडेतीन पट पिकतो आहे. काय दिलं आणि काय मिळवलं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं उत्तर १.५. सुरुवातीला कापूस १० होता, आता ७ आहे, म्हणजे ३ गेले आणि २ मका मिळाले. ३ भागिले २. हे उत्तर चुकीचं नाही, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं आहे. पहिल्या दोन मक्यांना सरासरी काय पडलं, ते यातून कळतं. त्यातला पहिला मका स्वस्त होता, म्हणून सरासरी खाली राहिली आहे.

तिसरं उत्तर पट्टी लावून मिळतं. वक्राला त्या बिंदूपाशी नुसती टेकेल, कुठेही छेदणार नाही, अशी पट्टी धरायची आणि रेघ ओढायची. ही स्पर्शिका. आकृती नीट काढली असेल तर ही रेघ उभ्या अक्षाला साधारण १२ पाशी आणि आडव्या अक्षाला ४.८ पाशी भेटते. १२ भागिले ४.८ म्हणजे २.५. या बिंदूवर उभं राहून मका अगदी किंचित वाढवला, तर कापूस याच दराने सोडावा लागतो. ताळा करायला तक्ता आहेच: दुसऱ्या मक्याला २ कापूस लागले होते, तिसऱ्याला ३ लागणार आहेत, आणि आपण बरोबर त्यांच्या सीमेवर उभे आहोत. २.५ हा आकडा त्या दोघांच्या मधोमध पडतो. याला पुस्तकं सीमान्त संधी खर्च किंवा सीमान्त रूपांतरण दर म्हणतात.

पट्टी हातात आहेच, तर ती वक्रावरून डावीकडून उजवीकडे घरंगळवत न्यावी. वरच्या टोकाशी ती जवळजवळ आडवी असते, खाली येता येता उभी होत जाते. पट्टीचं हे फिरत जाणं म्हणजेच वाढता संधी खर्च. ती जिथे झपाट्याने फिरते, तिथे खर्च झपाट्याने चढतो. जिथे वक्राचा एखादा भाग सरळ असतो, तिथे पट्टी फिरत नाही आणि तेवढ्या टप्प्यात खर्च स्थिर राहतो. म्हणजे उतार सांगतो खर्च किती आहे, आणि बाक सांगतो तो किती वेगाने बदलतो आहे. या दोन गोष्टींची गल्लत उत्तरपत्रिकांमध्ये सर्रास होते. अख्खी रेषा तीव्र उताराची, पण सरळ असेल तर संधी खर्च मोठा आहे, वाढता नाही.

डोळ्यांवर मात्र फार विसंबू नये. उभ्या अक्षावर १ एककाला १ सेंटिमीटर घेतला तर वक्र चांगला उंच आणि तीव्र दिसतो. तोच तक्ता अर्ध्या सेंटिमीटरच्या प्रमाणावर काढला तर बसका आणि सौम्य दिसतो. संधी खर्च दोन्हीकडे १, २, ३, ४ हाच. कोनमापक लावून काहीच हाती लागत नाही. वाचायचे ते अक्षांवरचे आकडे. दोन देशांचे वक्र वेगवेगळ्या प्रमाणावर शेजारी शेजारी छापून ‘कोणाचा संधी खर्च जास्त?’ असं विचारलं असेल, तर नजरेने दिलेलं उत्तर चुकण्याचीच शक्यता अधिक.

आणखी एक गंमत. हाच वक्र उलट्या बाजूनेही वाचता येतो. सगळा मका पिकवणाऱ्या टोकापासून निघालो आणि एक मका सोडला, तर एकदम ४ कापूस मिळतात. म्हणजे तिथे एका कापसाची किंमत पाव मका. पुढचा मका सोडला तर ३ कापूस, एका कापसाला एक तृतीयांश मका. मग अर्धा, आणि शेवटी पूर्ण एक. कापसाचाही संधी खर्च वाढतच गेला. एकाच बाकात दोन्ही मालांची चढती किंमत दडलेली असते. खर्च कोणत्या मालाचा विचारला आहे हे आधी न पाहता भागाकार उलटा करून बसणं, ही या धड्यातली सर्वांत स्वस्तात गुण घालवणारी चूक.

जमिनी एकसारख्या असतील तर काय? तिन्ही रानं मध्यम असती, तर तिन्ही तुकड्यांचा उतार ०.५ आला असता आणि वक्राची सरळ रेषा झाली असती. तरीही बाक येण्याची आणखी एक वाट उरते. एका पिकाला जमीन जास्त लागते, दुसऱ्याला मजुरी. एकाकडून दुसऱ्याकडे साधनं वळवताना दोन्ही त्याला हव्या त्या प्रमाणात मिळत नाहीत, आणि वाढीव साधनाचं फळ कमी कमी होत जातं. उलट एखाद्या उद्योगात जितकं जास्त उत्पादन तितकं ते सोपं होत असेल, तर वक्र आत खचलेलाही निघू शकतो. तेव्हा बाहेर फुगलेला वक्र ही नेहमीची स्थिती आहे, निसर्गनियम नाही.

शालेय अर्थशास्त्रात हा वक्र ज्या उदाहरणाने घरोघरी पोचला, ते शेतीचं नव्हतं. पॉल सॅम्युएलसन यांनी १९४८ साली आपल्या ‘इकॉनॉमिक्स’ या पाठ्यपुस्तकात तोफा आणि लोणी अशी जोडी घेतली. लोणी शून्यापासून पाचापर्यंत एकेकाने वाढत जातं आणि तोफा १५, १४, १२, ९, ५, ० अशा उतरतात. वजाबाकी केली की १, २, ३, ४, ५. एनसीईआरटीचा तक्ता याच घराण्यातला. ही जोडी त्यांनी हवेतून आणलेली नव्हती. नाझी जर्मनीत १९३६ मध्ये तोफा की लोणी, हा जाहीर भाषणांचा विषय झालेला होता, आणि पुस्तक आलं तेव्हा महायुद्ध संपून तीनच वर्षं झाली होती.

अमेरिकेच्या युद्धकाळावर हा वक्र ठेवून पाहिला की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. १९३९ साली महामंदीचा मुक्काम हललेला नव्हता. सुमारे १७ टक्के कामकरी बेकार होते, कारखान्यांची बरीच क्षमता पडून होती. अर्थव्यवस्था वक्राच्या खूप आत होती. म्हणून शस्त्रांच्या मागण्या आल्या तेव्हा सुरुवातीला कुणाच्या ताटातलं काही काढावं लागलं नाही. रिकामे हात आणि बंद यंत्रं कामाला लागली. १९४१ मध्ये तोफा वाढल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ३० लाखांहून अधिक मोटारगाड्याही तयार झाल्या. वक्राच्या आत असताना तोफेचा संधी खर्च जवळपास शून्य असतो. वक्राचा उतार तिथे लागूच होत नाही.

वक्र जवळ आला तशी परिस्थिती पालटली. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी गिऱ्हाइकांसाठी मोटारगाड्या बनवणं थांबवण्यात आलं. त्याच वर्षी साखरेचं रेशनिंग आलं आणि १९४३ च्या मार्चमध्ये लोण्याचंही. तोफांच्या बदल्यात अक्षरशः लोणी सोडावं लागलं.

मोटार कारखाने युद्धाला जुंपताना शेतांच्या उदाहरणातलाच क्रम थोडा मोठ्या प्रमाणावर दिसतो. गाड्या बनवणाऱ्याला लष्करी ट्रक बनवणं फारसं अवघड नव्हतं. तीच माणसं, बरीचशी तीच कौशल्यं. तो हलक्या रानाचा टप्पा. विमानाची गोष्ट निराळी. फोर्ड कंपनीने डेट्रॉइटजवळ विलो रन इथे बी-२४ बॉम्बर विमानांसाठी नवा प्रचंड कारखाना उभारला. पण गाडीच्या पत्र्यावर हात बसलेल्या लोकांना विमानाचं काम जमेना. विमानाचे सुटे भाग कितीतरी जास्त, मोजमाप कितीतरी काटेकोर, आणि लष्कर मधूनमधून आराखडेच बदलायचं. सुरुवातीला उत्पादन इतकं रखडलं की विलो रनच्या नावावरून लोक ‘विल इट रन’, म्हणजे ‘हे चालणार का’, अशी कोटी करू लागले. जी साधनं एका कामासाठी घडलेली आहेत, ती दुसऱ्या कामाला लावायची तर प्रत्येक वाढीव विमानामागे जास्त काही सोडावं लागतं. वक्राचा तीव्र उतार तो हाच.

पण १९४४ मध्ये त्याच कारखान्यातून ऐन भरात जवळपास तासाला एक या वेगाने विमानं बाहेर पडत होती. मग वक्राचा नियम मोडला का? मोडला नाही. वक्र काढताना तंत्र आणि कौशल्य ठरलेलं आहे असं धरलेलं असतं. इथे दोन वर्षांत माणसं शिकली, साचे बसले, काम छोट्या छोट्या भागांत वाटलं गेलं. म्हणजे विमानांच्या अक्षावरचं टोक बाहेर सरकलं. मक्याच्या तक्त्यात हे सहज करून पाहता येतं. मक्याचं नवं बियाणं आलं आणि तेवढ्याच साधनांत मका दुप्पट होऊ लागला, कापूस मात्र जुन्याइतकाच, असं धरू. आता कापसाच्या १०, ९, ७, ४, ० या आकड्यांसमोर मका ०, २, ४, ६, ८ असा येईल. पहिल्या टप्प्यात २ मक्यांना १ कापूस, म्हणजे एकाला अर्धा. पुढे १, मग १.५, आणि शेवटी २. प्रत्येक टप्प्यावर मक्याचा संधी खर्च निम्मा झाला, तरी चढत जाण्याची त्याची सवय सुटली नाही. कापसाच्या अक्षावरचं टोक १० वरच राहिलं आणि वक्र फक्त मक्याच्या बाजूने उघडला. त्याच वेळी कापूस उलट महाग झाला, कारण आता एका कापसासाठी पूर्वीच्या दुप्पट मका सोडावा लागतो, कापसाच्या शेतीत काहीही बदललेलं नसताना.